नाव एका ओळीत, फोटो दुसऱ्या

मंडळाच्या वधू-वर मेळाव्यातल्या मुलींची यादी माझ्या गळ्यात पडली त्याचं कारण एवढंच, की मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते आणि अध्यक्षकाकांच्या मते ऑफिसात काम करणाऱ्या बाईला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. मला सगळं येत नाही. एक्सेल येतं, तेही परीक्षा विभागाने छळून छळून शिकवलं म्हणून. पण काकांना नाही म्हणणं सोलापुरात अजून कुणाला जमलेलं नाही. ते गिरणीत टाइमकीपर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी माणूस दारात आला की आधी घड्याळाकडे बघतात.

पूर्वी यादी साधी होती. नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, देवक, गाव, फोन, अपेक्षा. शेवटच्या रकान्याचं नाव ‘स्थिती’. त्यात दोनच शब्द यायचे: ‘चालू’ नाहीतर ‘जमलं’. लग्न ठरलं की मुलीकडचे मंडळाला फोन करायचे, काका पेढे मागायचे आणि मी त्या ओळीत ‘जमलं’ असं लिहायचे. मेळाव्याआधी फिल्टर लावायचा, जमलेल्यांच्या ओळी लपवायच्या आणि उरलेल्यांची यादी छापायची. एवढं सोपं काम होतं.

मग काकांना फोटो पाहिजे झाले.

“नुसत्या नावावरनं काय कळतंय?” ते म्हणाले. “प्रत्येकीच्या नावापुढं फोटो पायजे. आणि वर आपला कळस.”

कळस म्हणजे मंडळाचा लोगो, समईच्या ज्योतीवर कळस. तो मी पहिल्या ओळीत बसवून दिला. दोन दिवसांत काकांनी मंडळाचा पत्ता मावेना म्हणून ती ओळ खाली ओढली. ओळीबरोबर कळसही ओढला गेला आणि त्याची उभी भोपळ्याची वेल झाली. काकांनी मला फोन केला, “तुमचा कळस बिघडलाय.” बिघडवला त्यांनी आणि झाला माझा. तो ओळीबरोबर आकार बदलायला बांधलेला होता, म्हणून ताणला गेला. मी त्याला मोकळा केला, परत मापात आणला आणि काकांना सांगितलं की ओळींना हात लावू नका.

हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही.

त्या यादीत या वर्षी माझी भाची होती. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण आणि भावजी करकंबच्या पुढे शेतावर राहतात, ही नोकरीसाठी माझ्याकडे. शाळेत गणित शिकवते. वय तेहतीस. तिला बघायला किती जण येऊन गेले ते मोजायचं मी केव्हाच सोडलं होतं, तिने त्याच्याही आधी. एकाने मुलगी थोडी सावळी आहे म्हणून नाही सांगितलं, एकाने शिक्षण जास्त म्हणून. एका घरातून तर मुलीला चष्मा काढून बसायला सांगा असा निरोप आला होता. ती चष्मा काढून बसली आणि समोरच्या मुलाला काका म्हणाली, कारण तिला तो दिसलाच नाही. ते स्थळ गेलं. आम्ही दोघी त्या रात्री इतक्या हसलो की बहिणीचा फोन आला तर बोलता येईना.

या वर्षी ती तयारच नव्हती. बहिणीने रडून घेतलं, भावजी अबोला धरून बसले, तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मावशी, शेवटचं. नाव घाल. पण फोटो मी देईन तो. स्टुडिओतला नाही, पावडर नाही, चष्म्यासकट. तो बघून कुणी आलं तर मी बसेन समोर. नाही आलं, तर परत मला कुणी विचारायचं नाही. तूही नाही.”

मी कबूल केलं. तिने फोटो दिला, शाळेच्या व्हरांड्यातला. निळा ड्रेस, चष्मा, वेणी, थोडं हसू. मी तो तिच्या नावापुढच्या चौकोनात बसवला आणि मनातल्या मनात हात जोडले.

आता या फोटोंची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. एक्सेलमध्ये फोटो चौकोनाच्या आत बसलेला दिसतो, पण तो आत नसतो. वर ठेवलेला असतो. खालच्या ओळीशी त्याचं नातं काय हे आपण सांगायचं असतं. एक, ओळ हलली की हल आणि ओळ लहान-मोठी झाली की तूही हो. दोन, हल पण आकार बदलू नको. तीन, हलूही नको, बदलूही नको. पहिलं सांगितलं तर ओळ लपली की फोटोही तिच्याबरोबर मिटतो, आणि उघडली की परत येतो. फिल्टर लावायचा असेल तर हेच पाहिजे. मी सगळ्या मुलींना पहिलं सांगून ठेवलं होतं आणि प्रत्येक फोटो चौकोनाच्या रेषेच्या आत घेतला होता, कारण कडेने जरा जरी खालच्या ओळीत गेला तर मिटायचा तेव्हा अर्धाच मिटतो.

मेळाव्याला आठवडा राहिला तेव्हा काकांनी फाइल मागून घेतली. नजर टाकायला. नजर टाकताना त्यांना वाटलं की ‘अपेक्षा’ रकान्यातला मजकूर पूर्ण दिसत नाही, म्हणून त्यांनी ओळी उंच केल्या. ज्या मुलीच्या घरच्यांच्या अपेक्षा जास्त, तिची ओळ जास्त उंच, आणि तिचा फोटोही तेवढाच उंच. ज्यांनी ‘निर्व्यसनी’ एवढंच लिहिलं होतं त्या मुली ठीक होत्या. ज्यांनी स्वतःचं घर, पुण्यात नोकरी, एकुलता एक, शेती पण शेतात राबायला नको असं लिहिलं होतं त्यांचे चेहरे हनुवटीपर्यंत येता येता संपत नव्हते.

“पोरी घोड्यासारख्या दिसायल्यात,” काका फोनवर म्हणाले.

“ओळी पहिल्यासारख्या करा काका. फोटो आपोआप सरळ होतील.”

त्यांनी ओळी सारख्या केल्या, फोटो सरळ झाले. इथे विषय संपायला हवा होता. पण काकांचे जावई पुण्याला कंपनीत आहेत. जावयांनी फोनवरून सांगितलं की एका फोटोवर क्लिक करा, मग कंट्रोल आणि ए दाबा, सगळे फोटो निवडले जातील, मग तिसऱ्या खुणेवर टिचकी मारा. म्हणजे हलूही नको, बदलूही नको. जावयांना कुणी सांगितलं नव्हतं की यादीला फिल्टर लागणार आहे. आणि काकांनी मला सांगितलं नाही, कारण त्यांना मला दाखवून द्यायचं होतं.

“आता खिळे ठोकलेत,” मेळाव्याच्या सकाळी मंगल कार्यालयाच्या दारात ते मला म्हणाले. “एक बी फोटो हलायचा न्हाय.”

मी घाईत होते. मला माइकवर नावं पुकारायला उभं केलं होतं. कशाला खिळे ठोकले हे विचारावं इतकंही मला सुचलं नाही, आणि काकांनी परस्पर फिल्टर लावून छापून आणलेल्या यादीचे गठ्ठे तोवर लोकांच्या हातात गेलेही होते. उकाडा मरणाचा, पंखे आवाजच जास्त करत होते. माझी भाची मंचावर आली नाही. तिने आधीच सांगितलं होतं, फोटो आहे ना, तोच बोलेल.

चार दिवसांनी करकंबहून फोन आला. मुलाची आई बोलत होती. बहिणीच्या शेतापासून जवळचंच गाव, मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. “यादीत बघितलं, फोटो पसंत हाय, येत्या रविवारी येतो,” असं त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवला आणि भाचीला सांगितलं. ती पेपर तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं.

“फोटो पसंत आहे म्हणाल्या?”

“हो.”

“चष्म्यासकट?”

“तोच तर छापलाय.”

त्या संध्याकाळी तिने शेंगाचटणी नव्याने कुटायला घेतली आणि रविवारी काय करायचं म्हणून मला दोनदा विचारलं. मी तिला इतक्या वर्षांत असं विचारताना ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की बहिणीला फोन लावून मीच रडले.

शनिवारी दुपारी काकांचा फोन. आवाज जरा उतरलेला.

“वेळापूरचा एक पावना लई तापलाय. म्हणतो, आमच्या पोरीसाठी फोनावर फोन यायलेत, चष्म्यावाली पोरगी पसंत हाय म्हणून. आणि त्याच्या पोरीला चष्माच न्हाय.”

आख्ख्या यादीत चष्मा घातलेली मुलगी एकच होती.

मी छापील यादी घेऊन बसले. पहिली मुलगी बरोबर. दुसरी, तिसरीही. सहाव्या नावाला नवा चेहरा आला. मग पुढे सगळंच घसरलेलं. भाचीच्या नावापुढे हिरव्या साडीतली, केसात गजरा माळलेली गोरी मुलगी होती. आणि भाची, माझी भाची, चष्म्यासकट, थोडं हसत, वेळापूरच्या चोवीस वर्षांच्या फार्मसीवाल्या मुलीच्या नावापुढे बसली होती.

मी तडक काकांकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, फाइल दाखवली.

“बघा की. सगळं जागच्या जागी हाय.”

आणि होतंच. कारण आता फिल्टर नव्हता. सगळ्या ओळी उघड्या होत्या आणि प्रत्येक चेहरा आपापल्या नावासमोर शहाण्यासारखा बसला होता. मी ‘स्थिती’ रकान्यात ‘जमलं’वरची खूण काढली. जमलेल्या मुलींच्या ओळी लपल्या, खालची नावं वर सरकली आणि फोटो तिथेच राहिले, खिळे ठोकल्यासारखे. पहिली लपलेली ओळ येईपर्यंत सगळं बरोबर, तिच्यानंतर एकही नाही.

“तुम्ही छापायच्या आधी बघितलं नाही का काका?”

“बघितलं की. पयलं नाव बघितलं, बरोबर होतं.”

पहिली मुलगी त्यांच्या चुलतभावाची नात. तिला कोण चुकीचं म्हणणार.

“आणि शेवटचं पान? शेवटी नावं संपल्यावर नुसते फोटो आले असतील.”

काका घड्याळाकडे बघू लागले. “आले हुते. मला वाटलं जागा भरायला टाकलेत तुमी. त्याच्यावर कोरा कागद ठिवला आणि झेरॉक्स काढली.”

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. वयाने मोठे आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघरातून चहा आणला, आणि मी तो न घेता निघाले. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. रिक्षात बसल्यावर माझा राग काकांवरून जावयांवर गेला, जावयांवरून त्या एक्सेलवर, आणि घर आलं तेव्हा फक्त भीती उरली होती.

भाचीने रविवारसाठी पडदे धुऊन वाळत घातले होते. मी तिच्यासमोर यादी ठेवली. सांगायची गरज पडली नाही. तिला ओळी वाचता येतात, तिचं कामच ते आहे. तिने बोट ठेवलं, आपलं नाव, मग हिरवी साडी. मग बोट खाली नेलं आणि स्वतःचा फोटो शोधला.

“म्हणजे ते हिला बघायला येतायत,” ती म्हणाली.

“मी फोन करते त्यांना.”

“मी करते.”

तिने माझ्यासमोरच फोन स्पीकरवर ठेवला. नाव सांगितलं, छपाईत फोटो बदलले गेले हे सांगितलं, अजिबात न अडखळता.

“म्हंजी हिरव्या साडीतली ती तू न्हाईस व्हय?” करकंबच्या बाई म्हणाल्या.

“नाही. माझा खरा फोटो आत्ता पाठवते.”

फोटो गेला. पलीकडे बराच वेळ कुणीतरी कुणालातरी मोबाइल दाखवत असल्याचा आवाज. मग बाई परत आल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, आवाज ओशाळलेला होता. “बघते की, पोराला इचारून सांगते. उद्याचं तेवढं ऱ्हाऊ दे.”

उद्याचं राहिलं. नंतरचंही राहिलं. भाचीने वाळलेले पडदे काढून परत लावले.

काकांना मात्र चैन पडेना. चूक झाली की ती भरून काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही, हाही त्यांचा एक ताप. त्यांनी वेळापूरच्या पाहुण्याकडून, ज्यांनी ज्यांनी चष्म्यावालीसाठी फोन केले होते त्यांचे नंबर गोळा केले आणि संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले.

“येवड्या लोकांनी तुमच्या पोरीचा चेहरा पसंत केलाय. आता नाव बरोबर सांगायचं. सोपं काम हाय.”

मी नको म्हणणार होते. पण भाची आतून म्हणाली, “लाव मावशी. मला ऐकायचंय.”

पहिला नंबर केम गावच्या एका गृहस्थांचा होता. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगा बँकेत. मी सगळं समजावलं. ते हसले, म्हणाले असं होतंय, चालायचंच, मुलगी चांगली आहे, डोळ्यात तेज आहे, मुलाने स्वतः फोटो पसंत केला. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी विचारलं, “मग खरं नाव काय? शिक्षण? वय?”

“तेहतीस.”

“तिथं चोवीस लिवलं हुतं.”

“ते दुसरीचं होतं. तेच तर सांगतेय.”

“फोटो जुना हाय का मग?”

“गेल्या महिन्यातला आहे.”

“हां,” ते म्हणाले. “मग बघू.”

बाकीच्यांनी वेगळं काही सांगितलं नाही. एकांनी तर म्हटलं की तेहतीसची असेल तर चष्मा जरा मोठा दिसतो. तोच चष्मा, तोच फोटो. मी काकांकडे बघितलं, काका जमिनीकडे बघत होते, आणि मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच राग सोडून दुसरं काहीतरी वाटायला लागलं. सत्तरीच्या त्या माणसाला इतकी वर्षं स्थळं जुळवून हे माहीत नसेल असं नाही. पण इतकं उघडं त्यांनीही ऐकलं नसेल.

काका गेल्यावर भाची बाहेर येऊन बसली. मला वाटलं रडेल. मला स्वतःलाच रडायचं होतं.

“इतकी वर्षं मला वाटायचं चेहरा आहे,” ती म्हणाली. “सावळी, चष्मा, हे ते. आई अजून हळद लावायला सांगते. नुसत्या चेहऱ्याचं नव्हतंच मावशी. करकंबला ओळ चालली, चेहरा नाही. यांना चेहरा चालतो. ओळ चालत नाही.”

मी म्हटलं, “लोक मूर्ख आहेत.” खरंच मूर्ख आहेत, पण ते म्हणून कुणाला बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने माझ्याकडून फाइल मागून घेतली. दुरुस्त यादी परत छापून सगळ्यांना पाठवायची होती आणि ते काम काकांकडे द्यायची माझी हिंमत नव्हती. तिने आधी फिल्टर काढला, सगळ्या ओळी उघड्या केल्या, कारण लपलेल्या ओळींवर असे उद्योग केले की मिटलेले फोटो मिटलेलेच राहतात, हे तिला मी सांगायच्या आधी सुचलं. मग सगळे फोटो निवडून पहिली खूण केली. मग एक एक फोटो बघितला. रेषेवर आलेले दोन-चार आत घेतले. हिरव्या साडीतलीचा पदर खालच्या ओळीत जात होता, तो तिने अगदी जपून लहान केला.

“आता बघ,” ती म्हणाली आणि फिल्टर लावला. जमलेल्यांच्या ओळी मिटल्या, त्यांचे चेहरे त्यांच्याबरोबर मिटले. उरलेल्या प्रत्येकीच्या नावापुढे तीच होती. वेळापूरच्या मुलीला चष्मा नव्हता.

मी हुश्श केलं. पण तिचं संपलं नव्हतं. ती खाली स्वतःच्या ओळीवर गेली, ‘स्थिती’ रकान्यात ‘चालू’ होतं ते पुसलं आणि लिहिलं, ‘जमलं’. मग फिल्टर परत लावला. तिची ओळ गेली आणि तो व्हरांड्यातला फोटो तिच्याबरोबर गेला. सरकला नाही, ताणला नाही, कुणाच्या नावावर जाऊन बसला नाही.

“अगं, कुणाशी?” मी वेड्यासारखं विचारलं.

“कुणाशी नाही,” ती म्हणाली. “मला जमलं.”

आणि उठून पेपर तपासायला गेली.

यादी मी तशीच काकांकडे पाठवली. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला, आवाजात इतका आनंद की मला रागावताही येईना.

“जमलं म्हणून लिवलंय की. सांगितलं न्हाईत. पेढे कुटं हायत? पावनं कुठलं?”

मी भाचीकडे बघितलं. ती लाल पेनने कुणाच्यातरी गणितावर बरोबरची खूण करत होती.

“घरचेच आहेत काका,” मी म्हटलं. “पेढे उद्या पाठवते.”